एनपीव्ही नेमका कशाने हलतो? बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे उदाहरण घेऊन संवेदनशीलता विश्लेषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकल्प अहवालात शेवटी एक आकडा येतो: निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही. पुढच्या सगळ्या वर्षांच्या मिळकतीचे आजच्या पैशांतले मूल्य काढून त्यातून भांडवल वजा केले की तो मिळतो. तो धन आला की प्रकल्प चांगला, असे मानून फाइल पुढे सरकते. पण हा एक आकडा आठ-दहा गृहीतकांवर उभा असतो आणि त्यातली एक-दोनच त्याला खऱ्या अर्थाने हलवतात. ती कोणती, हे शोधायची पद्धत खालच्या प्रश्नोत्तरांत आहे. सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे: सांगली-तासगाव पट्ट्यातले ३,००० टनांचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज. त्यातले आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या प्रकल्पासाठी तुमचेच आकडे घ्या.

उदाहरणातला मूळ हिशोब काय आहे?

बांधकाम, इन्सुलेशन, यंत्रसामग्री आणि ट्रान्सफॉर्मर मिळून भांडवली खर्च ४०० लाख रुपये. हा सगळा सुरुवातीलाच होतो असे धरले आहे. भाडे टनामागे महिना ५०० रुपये, म्हणजे १५ किलोच्या पेटीला महिन्याला साडेसात रुपये. वर्षभराचा सरासरी साठा क्षमतेच्या ७० टक्के. म्हणून वार्षिक भाडे ३,००० × ०.७० × १२ × ५०० = १२६ लाख.

वीज वर्षाला ४ लाख युनिट, दर ९ रुपये, म्हणजे ३६ लाख. यातली दोन तृतीयांश वीज माल असो वा नसो लागतेच, कारण भिंती-छतातून येणारी उष्णता बाहेर काढावीच लागते. उरलेली साठ्याप्रमाणे कमी-जास्त होते. पगार, विमा, देखभाल वगैरे इतर खर्च १८ लाख. हातात वर्षाला ७२ लाख राहतात.

आयुष्य १५ वर्षे, शेवटी इमारत आणि भंगाराचे ४० लाख. वटाव दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढायला लावलेला वार्षिक दर, १२ टक्के. १२ टक्क्यांनी १५ वर्षांचा वर्तमान मूल्य गुणक, म्हणजे पंधरा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य, ६.८१ येतो. त्यामुळे ७२ लाखांच्या ओघाचे आजचे मूल्य ४९०.४ लाख आणि शेवटच्या ४० लाखांचे ७.३ लाख. बेरजेतून ४०० वजा केले की एनपीव्ही ९७.७ लाख. आयकर आणि अनुदान इथे मुद्दाम बाहेर ठेवले आहे. अनुदानाबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

एक्सेलमध्ये हे कसे मांडायचे?

प्रत्येक गृहीतक स्वतःच्या एकाच सेलमध्ये ठेवा आणि बाकी सगळीकडे त्याच सेलचा संदर्भ द्या. खालच्या मांडणीत `B2` क्षमता, `B3` साठा (०.७), `B4` भाडे, `B5` युनिट, `B6` वीजदर, `B7` इतर खर्च (लाख), `B8` वटाव दर, `B9` वर्षे, `B10` शेवटचे मूल्य (लाख) आणि `B11` भांडवल (लाख) आहे.

```
B12: =B2*B3*12*B4/100000
B13: =B5*B6*(2/3+B3/0.7/3)/100000
B14: =B12-B13-B7
B15: =-PV(B8,B9,B14)+B10/(1+B8)^B9-B11
```

`B13` मधला ०.७ हा विजेचा संदर्भबिंदू आहे: ७० टक्के साठ्याला ४ लाख युनिट. तो `B3` शी जोडू नका, नाहीतर साठा बदलला तरी वीज बदलणार नाही.

दरवर्षीचा ओघ वेगळा असेल तर `PV` ऐवजी `NPV` फंक्शन लागते आणि तिथे एक चूक हमखास होते. हे फंक्शन कंसात वटाव दरानंतर येणारा पहिला आकडा पहिल्या वर्षाच्या अखेरचा समजते. सुरुवातीचे वजा ४०० लाखही त्याच यादीत टाकले तर सगळेच एक वर्ष पुढे ढकलले जाते आणि ९७.७ ऐवजी ८७.२ लाख येतात. भांडवल फंक्शनच्या बाहेर वजा करा.

प्रत्येक गृहीतक १० टक्क्यांनी बिघडवले तर काय दिसते?

एका वेळी एकच गृहीतक हलवायचे, बाकीची मूळ जागी ठेवायची आणि नवा एनपीव्ही लिहून घ्यायचा.

| गृहीतक | १०% बिघडल्यावर | एनपीव्ही (लाख रु.) |
|---|---|---|
| भाडे | ४५० रु. | १२ |
| सरासरी साठा | ६३% | २० |
| भांडवली खर्च | ४४० लाख | ५८ |
| वटाव दर | १३.२% | ६७ |
| वीजदर | ९.९० रु. | ७३ |
| इतर खर्च | १९.८ लाख | ८५ |
| शेवटचे मूल्य | ३६ लाख | ९७ |

भाडे आणि साठा हे दोन्ही उत्पन्नाचेच घटक असूनही त्यांचा परिणाम सारखा नाही. साठा घटला की थोडी वीज वाचते. भाडे घटले की काहीच वाचत नाही.

बहुतेक अहवाल या तक्त्यावर थांबतात आणि ‘भाडे हे सर्वांत संवेदनशील गृहीतक’ असे लिहून मोकळे होतात. इथेच निष्कर्ष चुकतो.

का चुकतो? गणित तर बरोबर आहे.

गणित बरोबर आहे, पण सगळ्यांना सारखेच १० टक्के लावण्याला आधार नाही. भाड्याचा दर त्या भागात सगळ्यांना माहीत असतो. आसपासची स्टोरेजेस काय घेतात हे चार फोन केले की कळते आणि तो ४५० पर्यंत उतरेल असे सहसा घडत नाही. साठा मात्र द्राक्षाच्या पिकावर, अवकाळी पावसावर आणि ताज्या द्राक्षाच्या भावावर अवलंबून असतो. ताज्या मालाला भाव चांगला असला की बागायतदार द्राक्ष बाजारात देतो, बेदाण्याकडे कमी वळवतो. पाऊस शेडवर सुकायला टाकलेल्या मालावर आला तर डाग पडतात आणि असा माल साठवण्यापेक्षा लवकर विकला जातो. त्यामुळे साठ्यात १० टक्क्यांचा फरक किरकोळ म्हणावा लागेल.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हे गृहीतक एक टक्का हलले तर एनपीव्ही किती हलतो? आणि ते प्रत्यक्षात किती टक्के हलू शकते? निर्णयाला या दोन्हींचा गुणाकार लागतो. १० टक्क्यांचा तक्ता फक्त पहिल्याचे उत्तर देतो.

मग खरा पल्ला कसा ठरवायचा?

प्रत्येक गृहीतकामागे कागद किंवा माणूस हवा. भांडवली खर्चासाठी तीन ठेकेदारांची कोटेशने, त्यात इन्सुलेशन पॅनेलची जाडी आणि कॉम्प्रेसरची क्षमता सारखी आहे ना हे पाहून. वीजदरासाठी त्याच वर्गवारीच्या ग्राहकाची गेल्या तीन वर्षांची बिले. तिथे फक्त युनिटचा दर पाहू नका. मागणी आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क धरून एकूण बिलाला युनिटने भागा. भाड्यासाठी शेजारच्या स्टोरेजचे दर, शिवाय मोठ्या व्यापाऱ्याला मिळणारी सूट. छापील दर आणि पावतीवरचा दर एक नसतात.

साठ्याचा पल्ला ठरवायला सर्वांत जास्त वेळ द्या. महिनावार यादी करा. बेदाणा साधारण फेब्रुवारीपासून यायला लागतो, मे-जूनपर्यंत खोल्या भरतात आणि सणासुदीला सौद्यांत माल निघत जातो. एका सामान्य वर्षाची यादी अशी धरू: फेब्रुवारी ३०, मार्च ७०, एप्रिल ९५, मे १००, जून १००, जुलै ९५, ऑगस्ट ८५, सप्टेंबर ७५, ऑक्टोबर ६५, नोव्हेंबर ५०, डिसेंबर ४०, जानेवारी ३५. बेरीज ८४०, सरासरी ७० टक्के. म्हणजे मे महिन्यात पेटी ठेवायला जागा नसलेले स्टोरेजसुद्धा वर्षाच्या सरासरीने ७० टक्केच भरते. ‘आमचे फुल्ल असते’ हे वाक्य ऐकून ९० टक्के धरणारा अहवाल इथेच फसतो. याच आकाराची वक्ररेषा ठेवून शिखर १०० ऐवजी ८५ टक्क्यांवर थांबले तर सरासरी ५९.५ वर येते.

वरची मर्यादाही नैसर्गिक आहे. खोली १०० टक्क्यांपेक्षा जास्त भरत नाही, म्हणून पल्ला दोन्ही बाजूंना सारखा नसतो. या उदाहरणात ६० ते ७५ टक्के धरला आहे.

खऱ्या पल्ल्याने क्रम बदलतो का?

हो.

| गृहीतक | पल्ला (वाईट ते चांगले) | एनपीव्ही (लाख रु.) | फरक |
|---|---|---|---|
| सरासरी साठा | ६०% ते ७५% | −१३ ते १५३ | १६६ |
| भाडे | ४६० ते ५२० रु. | २९ ते १३२ | १०३ |
| भांडवली खर्च | ४६० ते ३८० लाख | ३८ ते ११८ | ८० |
| वीजदर | ११ ते ८.५० रु. | ४३ ते १११ | ६८ |
| इतर खर्च | २२ ते १६ लाख | ७० ते १११ | ४१ |

सरासरी साठा पहिल्या क्रमांकावर गेला आणि एकट्याने एनपीव्ही ऋण करणारे हे एकच गृहीतक आहे. भाडे दुसऱ्यावर उतरले. टोर्नाडो आलेख काढायचा तो याच तक्त्याचा: आडव्या पट्ट्या, सर्वांत लांब वर, मधली उभी रेघ ९७.७ वर. शून्याचीही एक उभी रेघ काढा. कोणती पट्टी शून्य ओलांडते हे वाचणाऱ्याला आधी दिसायला हवे.

वटाव दर या तक्त्यात मुद्दाम घेतलेला नाही. तो प्रकल्पाची अनिश्चितता नसून पैशाची किंमत आहे. ११ टक्क्यांना १२६ लाख आणि १४ टक्क्यांना ४८ लाख, अशी त्याची स्वतंत्र ओळ द्यावी. एनपीव्ही शून्य करणारा दर, म्हणजे आयआरआर, इथे सुमारे १६.३ टक्के आहे.

एखाद्या वर्षी साठा ५० टक्क्यांवर आला, तर पल्ला ६० पासून का?

तक्त्यातला ६० टक्के हा पंधराही वर्षांच्या सरासरीचा आकडा आहे. एका वाईट वर्षाचा परिणाम त्यापेक्षा बराच लहान असतो. साठा ७० वरून ५० टक्क्यांवर आला तर त्या वर्षी सुमारे ३२.६ लाख कमी मिळतात. हे पहिल्या वर्षी घडले तर एनपीव्हीतून २९ लाख जातात, तिसऱ्या वर्षी २३ लाख आणि दहाव्या वर्षी जेमतेम १०.५ लाख.

वार्षिक चढउतार आणि दीर्घकालीन सरासरीची अनिश्चितता यांची गल्लत केली की पट्टी नको तेवढी लांब होते आणि चांगला प्रकल्पही धोकादायक दिसतो. वाईट वर्षाचा खरा प्रश्न बँकेचा हप्ता भरता येईल का, हा आहे. तो रोख ओघाच्या तक्त्यात तपासा, एनपीव्हीत नव्हे.

‘स्विचिंग व्हॅल्यू’ म्हणजे काय? ती कशी काढायची?

एनपीव्ही शून्य होईपर्यंत गृहीतक किती बिघडू शकते, तो आकडा. एक्सेलमध्ये Data → What-If Analysis → Goal Seek उघडून `B15` ला 0 करायला सांगा आणि बदलायची सेल द्या. आपल्या उदाहरणात भाडे ४४३ रुपये (११.४ टक्के घट), साठा ६१.२ टक्के (१२.६ टक्के घट), भांडवल ४९८ लाख (२४.४ टक्के वाढ), वीजदर १२.५९ रुपये (३९.८ टक्के वाढ).

हा आकडा आपल्या पल्ल्याशी ताडून पाहा. वीजदर १२.५९ चा धोका आपण धरलेल्या ११ च्या पलीकडे आहे, म्हणून त्यावर झोप उडवायचे कारण नाही. ६१.२ टक्के मात्र साठ्याच्या पल्ल्यात येतो. ‘द्राक्षाचे पीक १५ टक्क्यांनी कमी राहिले तर प्रकल्प तोट्यात’ हे वाक्य संचालक मंडळाला समजते, ‘संवेदनशीलता गुणांक ८’ हे समजत नाही.

दोन गृहीतके एकत्र बिघडली तर?

बिघडतातच. माल कमी आला की स्टोरेजवाले एकमेकांचे गिऱ्हाईक ओढायला भाडे उतरवतात, म्हणजे साठा आणि भाडे एकाच कारणाने खाली येतात. एकावेळी एकच गृहीतक हलवण्याची पद्धत हे पकडू शकत नाही. त्यासाठी दोन-मार्गी तक्ता (एनपीव्ही लाख रुपयांत):

| साठा | भाडे ४६० | भाडे ५०० | भाडे ५२० |
|---|---|---|---|
| ६०% | −७२ | −१३ | १६ |
| ६५% | −२२ | ४२ | ७४ |
| ७०% | २९ | ९८ | १३२ |
| ७५% | ८० | १५३ | १९० |

६५ टक्के साठा एकट्याने सुसह्य आहे, ४६० रुपये भाडेही एकट्याने सुसह्य आहे. दोन्ही एकत्र आले की एनपीव्ही ऋण. उलट उजवीकडचा वरचा कोपरा (माल कमी पण भाडे जास्त) जवळपास अशक्य आहे. तो गृहीत धरून सरासरी काढू नका.

हा तक्ता त्याच What-If Analysis मधल्या Data Table ने बनतो. इनपुट सेल त्याच शीटवर असावी लागते. सगळ्या रकान्यांत एकच आकडा उमटला तर दोन कारणे तपासा: गणनेची सेटिंग ‘Automatic except for data tables’ वर आहे का (असेल तर F9 दाबा), आणि `B13` मधला संदर्भबिंदू सोडून सूत्रात कुठे ५०० किंवा ०.७० थेट टाइप केलेला आहे का.

यादीत नसलेले गृहीतक सर्वांत महागडे ठरू शकते का?

ठरू शकते. वरच्या हिशोबात पहिल्याच वर्षी ७० टक्के साठा धरला आहे. हे गृहीतक कुठे लिहिलेलेही नाही, म्हणून कुणी ते हलवून पाहत नाही. प्रत्यक्षात व्यापारी जुन्या स्टोरेजशी बांधलेले असतात. तिथून त्यांना मालावर उचलही मिळत असते. पहिल्या वर्षी ३५ आणि दुसऱ्या वर्षी ५५ टक्के धरून पाहा: एनपीव्ही ९७.७ वरून २७ लाखांवर येतो. भांडवल १५ टक्क्यांनी वाढण्यापेक्षाही हा फटका मोठा आहे.

दुसरे न लिहिलेले गृहीतक म्हणजे वेळ. काम जानेवारीऐवजी जूनमध्ये पूर्ण झाले तर उशीर पाच महिन्यांचा दिसतो, पण तोवर हंगामातला माल दुसरीकडे गेलेला असतो आणि जवळपास वर्षभराचे भाडे बुडते. सगळे उत्पन्न एक वर्षाने पुढे ढकलले तर एनपीव्ही ४४ लाख. म्हणून हंगामी प्रकल्पात उशीर महिन्यांत नव्हे, हंगामांत मोजा.

तिसरे: सगळे दर पंधरा वर्षे स्थिर. भाड्याच्या मानाने वीज दरवर्षी फक्त २ टक्के जास्त वेगाने महागली, तरी २६ लाख जातात. याच ओघात एक इशारा. आकडे आजच्या किमतींचे असतील तर वटाव दरही महागाई वगळलेला हवा. बँकेचा व्याजदर जसाच्या तसा लावून स्थिर किमतींचा ओघ वटवला तर एनपीव्ही विनाकारण कमी दिसतो.

अनुदान कसे हाताळायचे?

ते ±१० टक्क्यांनी हलवू नका. अनुदान मिळते किंवा मिळत नाही, आणि मिळाले तरी उशिरा. कोल्ड स्टोरेजची अनुदाने बहुधा कर्जाशी जोडलेली आणि काम पूर्ण झाल्यावर जमा होणारी असतात. १०० लाखांचे अनुदान दुसऱ्या वर्षाअखेरी आले तर त्याचे आजचे मूल्य ७९.७ लाखच. ‘अनुदानाशिवाय’, ‘वेळेवर’ आणि ‘दोन वर्षे उशिरा’ अशा तीन ओळी द्या. अनुदानाशिवाय एनपीव्ही ऋण असेल तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर यावे.

सर्वांत प्रभावी गृहीतक सापडले. पुढे काय?

पैसा आणि वेळ तिथेच घाला. आपल्या उदाहरणात भाडे दहा रुपयांनी वाढवून मिळाले तर एनपीव्ही १७ लाखांनी वाढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रिकाम्या पडणाऱ्या खोल्यांत चिंच, मिरची किंवा डाळी घेऊन वार्षिक सरासरी ७० वरून ७५ वर नेली तर ५५ लाखांनी वाढतो. अर्थात, मिरची-चिंचेचा वास बेदाण्याला लागू नये म्हणून स्वतंत्र खोली आणि वेगळी हवा लागते. म्हणजे एका मोठ्या हॉलऐवजी चार-पाच खोल्यांचा आराखडा हवा आणि हा निर्णय पायाभरणीआधीच घ्यावा लागतो. त्यासाठी भांडवल २० लाखांनी वाढले तरी साठ्यातून मिळणारे ५५ लाख त्याहून जास्त आहेत. खोल्यांमुळे वीज किती वाढते ते मात्र रेफ्रिजरेशन इंजिनिअरकडून उष्णताभार काढून घेऊन तपासा.

दुसरा मार्ग म्हणजे सुरुवातीच्या दोन हंगामांसाठी व्यापाऱ्यांकडून किमान टनांचे लेखी आरक्षण, त्यासाठी भाड्यात सूट देऊन. मर्यादा तक्त्यातून काढता येते. सुरुवातीच्या कमी साठ्याने ७० लाख जात असतील, तर दोन वर्षे ५० रुपयांची सूट दिल्याने ७० टक्के साठ्यावर वर्षाला १२.६ लाख, म्हणजे आजच्या मूल्यात सुमारे २१ लाख जातात. आरक्षणामुळे साठा खरोखर ७० पर्यंत गेला तर सौदा फायद्याचा. करारात टन, महिने आणि माल न आणल्यास द्यायची रक्कम या तिन्ही गोष्टी असाव्यात. नुसत्या ‘आम्ही तुमच्याकडेच ठेवू’ या पत्राला तक्त्यात जागा देऊ नका.